पत्त्यावर देशाचं नाव नाही? पिनकोडची जागा बघा, देश कळेल

बोरगाव : निपाणी, चिकोडी भागातली बरीच पोरं आता जर्मनी, अमेरिका, दुबईला आहेत. ती व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवतात आणि घाईत देशाचं नाव लिहायचं राहून जातं. पण पत्त्याची मांडणी बघितली तरी देशाचा अंदाज येतो. त्यासाठी दोनच गोष्टी बघायच्या : कोड शहराच्या आधी आहे की नंतर, आणि घर नंबर रस्त्याच्या आधी आहे की नंतर.

आधी आपलाच पत्ता

मु. पो. बोरगाव, ता. निपाणी, जि. बेळगाव आणि शेवटी सहा आकडी पिन. आपण लहानाकडून मोठ्याकडं जातो : माणूस, गाव, तालुका, जिल्हा. पिन गाव-जिल्ह्यानंतर येतो. वाळवा तालुक्यातही (जि. सांगली) बोरगाव आहे. एकाच नावाच्या गावांचा हा घोळ मिटवायला १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे जाणकार. आपला पिन ५ ने सुरू होतो, सांगलीचा ४ ने. म्हणजे पत्र सीमेच्या अलीकडं की पलीकडं, हे पहिल्या आकड्यावरच ठरतं.

एकच कोड, दोन देश

देश ओळखताना मात्र नुसते आकडे फसवतात. हे दोन पत्ते बघा :

इनव्हालिडेनस्ट्रासे ४३
१०११५ बर्लिन

४७५ रिव्हरसाईड ड्राईव्ह
न्यूयॉर्क, एनवाय १०११५

कोड दोन्हीकडं १०११५ च आहे. पहिला पत्ता बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा. त्यात कोड शहराच्या आधी आणि घर नंबर रस्त्याच्या नंतर आहे. ही जर्मन पद्धत. दुसऱ्यात सगळं उलटं : नंबर रस्त्याच्या आधी, मग शहर, राज्याची दोन अक्षरं आणि सगळ्यात शेवटी कोड. ही अमेरिकन पद्धत. शहराचं नाव पुसलेलं असतं तरी मांडणीवरून देश सांगता आला असता.

कोड शहराच्या आधी लिहायची पद्धत युरोपात बऱ्याच देशांत आहे. त्यामुळं तिथं दुसरी खूण लागते, ती घर नंबरची. फ्रान्समध्ये कोड आधीच असतो, पण घर नंबरही रस्त्याच्या आधी येतो. जर्मनी, इटली, स्पेनमध्ये नंबर रस्त्याच्या नंतर. हे तिघं वेगळे करायला रस्त्याचा शब्द बघायचा : स्ट्रासे असेल तर बहुधा जर्मनी, व्हिया असेल तर इटली, काय्ये असेल तर स्पेन. स्ट्रासे ऑस्ट्रियातही चालतं, पण तिथला कोड चार आकडी असतो.

अक्षरं असलेला कोड

कोडमध्ये इंग्रजी अक्षरं दिसली की आपल्याला थेट लंडन आठवतं. पण लंडन नावाचं शहर कॅनडातही आहे. ब्रिटनच्या पत्त्यात शहराखाली कोडची स्वतंत्र ओळ असते. कॅनडात शहर, प्रांताची दोन अक्षरं आणि कोड एकाच ओळीत येतात, आणि कोडमध्ये एक अक्षर, एक आकडा अशी आळीपाळी असते. नेदरलँड्समध्ये चार आकडे, दोन अक्षरं आणि मग शहर.

दुबईच्या पत्त्यात कोड शोधू नका, तिथं तो नाहीच. तिथं पीओ बॉक्सचा नंबर असतो. जपानी लिपीतला पत्ता तर आपल्या नेमका उलटा : आधी कोड, मग प्रांत, शहर, वस्ती आणि शेवटी माणसाचं नाव. तोच पत्ता इंग्रजीत लिहिला की क्रम पुन्हा फिरतो.

कुठं फसगत होते?

आपल्याकडच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये आधी शहराचा रकाना असतो आणि मग पिनचा. जर्मनीचा पत्ता त्यात भरला की लेबलवर ‘बर्लिन १०११५’ छापून येतं आणि तो अमेरिकेसारखा दिसायला लागतो. अशा वेळी बाकीच्या खुणा बघायच्या. राज्याची दोन अक्षरं नाहीत आणि घर नंबर रस्त्याच्या मागं आहे, म्हणजे पत्ता युरोपातला. इटलीत मात्र शहरानंतर जिल्ह्याची दोन अक्षरं लिहितात, ती राज्य समजू नका. तिथं कोड शहराच्या आधी असतो, हीच ओळख.

मांडणीवरून लागतो तो अंदाज. पार्सल पाठवताना पत्ता त्या देशाच्या क्रमानं जसाच्या तसा उतरवा आणि सगळ्यात खालच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याकडचं टपाल खातं ती शेवटची ओळ बघून देश ठरवतं, पुढचा क्रम तिथल्या पोस्टमनसाठी असतो.