खिडकीचा हिशेब तीन कागदांवर

बंगल्याच्या नकाशांत मागे कुठेतरी दारं-खिडक्यांचा एक तक्ता असतो. डी-१, डब्ल्यू-२ अशी खूण, रुंदी, उंची, सिलची उंची, साहित्य आणि नग. घरमालक तो बघतही नाहीत. सुतार आणि ॲल्युमिनियमवाला मात्र भाव सांगतात ते त्यावरूनच.

प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून बघणं. त्यात खिडकीची जागा आणि रुंदी कळते, उंची नाही. उंची एलिव्हेशनमध्ये दिसते. तक्त्यात दोन्ही असतात. म्हणजे एकाच खिडकीची नोंद तीन कागदांवर होते, आणि घोळ होतो तो एकाच कागदावर बदल केल्यामुळे.

समजा, डब्ल्यू-२ ही १२०० बाय १२०० मिलीमीटरची खिडकी घरात सहा ठिकाणी आहे. सिल ९०० वर, म्हणजे खिडकीचा माथा २१०० वर, लिंटेलच्या बरोबर खाली. यातली एक स्वयंपाकघरात, ओट्यामागे. ओटा ८५० चा, त्यावर भिंतीतून निघालेला नळ खिडकीच्या आड येतो, म्हणून कुणीतरी प्लॅनवर तिथे ‘सिल १०५०’ असं लिहितं. तक्त्यात उंची १२०० च राहते. आता बेरीज करा: १०५० अधिक १२०० म्हणजे २२५०. लिंटेल तर २१०० वर. खिडकी तयार होऊन येते तेव्हा १५० मिलीमीटर जास्त उंच निघते. तक्त्यातली उंची १०५० केली तर आणखी वाईट, कारण खूण तीच असल्यामुळे बाकीच्या पाच खोल्यांतल्या खिडक्याही आखूड होतील. म्हणून या खिडकीला नवी खूण द्यायची, डब्ल्यू-४: उंची १०५०, सिल १०५०, नग एक. डब्ल्यू-२ चे नग सहावरून पाच. मग एलिव्हेशनमध्ये तिची खालची रेघ वर सरकवायची. स्वयंपाकघर बहुधा मागच्या बाजूला, आणि मागचं एलिव्हेशन तपासायचा उत्साह फार थोड्यांना असतो!

तपासणीची माझी पद्धत कंटाळवाणी आहे. हातात रंगीत पेन्सिल घेऊन प्लॅनवर एकेका खुणेला टिक करत मजल्यागणिक नग मोजायचे आणि तक्त्याशी ताडायचे. मग प्रत्येक ओळीत सिल अधिक उंची करून बघायची. ज्या ओळीची बेरीज लिंटेलशी जुळत नाही, तिथे एक तर मुद्दाम केलेली रचना असते, नाही तर चूक.

बेरीज जुळूनही एक गोष्ट निसटते: ही २१०० कुठून मोजायची? तयार फरशीपासून, स्लॅबपासून नव्हे. फरशी आणि खालचा थर मिळून ७५ मिलीमीटर धरले, तर स्लॅबपासून लिंटेल २१७५ वर हवं. गवंड्याने स्लॅबवर टेप टेकवून २१०० मोजले, तर फरशी झाल्यावर दाराला २०२५ च उरतात आणि २१०० ची चौकट खालून कापावी लागते. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर दोन ओळी ठळक लिहाव्यात: उंची तयार फरशीपासून धरली आहे, आणि मापं भिंतीत सोडायच्या मोकळ्या जागेची आहेत, पल्ल्याची नव्हेत.