‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या पलीकडे

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या आईच्या निधनाची बातमी येते आणि पाठोपाठ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. पण श्रद्धांजली वाहायची ती गेलेल्या माणसाला. जिची आई गेली, तिच्याशी त्या रांगेतलं कुणी बोललेलंच नसतं. सांत्वनाचा निरोप तिला, तिच्या स्वतःच्या नंबरवर जायला हवा.

समजा, लेखा विभागातल्या, वयाने थोड्या मोठ्या सहकारी बाईंना त्यांच्याच टेबलाशेजारचा माणूस लिहितो आहे:

‘ताई, तुमच्या आई गेल्याचं आज सकाळी कळलं. फार वाईट वाटलं. दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा त्यांनी आग्रहाने दुसरी करंजी वाढली होती, ते आठवलं. महिनाअखेरची बिलं मी पूर्ण करतो, त्याची काळजी करू नका. उत्तर द्यायची घाई नाही.’

एवढं पुरतं. ‘ताई’ हे रोजचंच संबोधन, आज एकदम ‘आदरणीय महोदया’ केलं तर परकेपणा येईल. ‘कळलं, वाटलं’ ही बोलण्यातली रूपं जवळिकीची आहेत. साहेबांना किंवा फारशी ओळख नसलेल्यांना लिहिताना तीच ‘कळले, वाटले’ होतात आणि ‘आई गेल्या’ऐवजी ‘मातोश्रींचे निधन झाले’ शोभतं. मात्र एकाच निरोपात दोन्ही रूपांची सरमिसळ केली, की अर्धा मजकूर कुठून तरी उचलल्यासारखा वाटतो. बरोबरीच्या मित्राला ‘तू’च म्हणावं. ‘मयत’ हा शब्द पोलिसांच्या आणि सरकारी कागदांत राहू द्यावा.

करंजीची आठवण खरी असेल तरच लिहावी. आईंना कधी पाहिलंच नसेल, तर ‘तुमच्या बोलण्यात त्यांचं नाव नेहमी यायचं’ एवढंही चालतं, अर्थात तसं येत असेल तर. ‘काही लागलं तर सांगा’ यापेक्षा बिलांचं वाक्य कामाचं, कारण त्यात ताईंना काही मागावं लागत नाही.

घसरण बहुधा समजूत घालताना होते. ‘वय झालंच होतं’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ हे घरच्यांनी म्हणावं, बाहेरच्याने नाही. ‘कशाने गेल्या?’ हा प्रश्न तर निरोपात नकोच.

धर्माचंही भान हवं. ‘कैलासवासी’ सगळ्यांना चालत नाही. मराठी निधनवार्तांत बौद्धांसाठी ‘कालकथित’, ख्रिस्ती व्यक्तीसाठी ‘ख्रिस्तवासी’, मुस्लिमांसाठी ‘पैगंबरवासी’ असे शब्द दिसतात. घरची रीत माहीत नसेल, तर ‘निधन’ आणि ‘दिवंगत’ कुठेही चालतात. आत्म्याच्या सद्गतीचं वाक्यही अशा वेळी गाळलेलं बरं.

आणि त्या निरोपाखाली ‘ती फाइल कुठे ठेवली आहे?’ असं विचारू नये. फाइल शेजारच्याला विचारून शोधावी.