तक्रार नव्हे, ‘प्रितेन्झिया’

समजा, नाशिकच्या एका निर्यातदाराने द्राक्षांच्या 3,600 पेट्या मॉस्कोला पाठवल्या. एका पेटीत पाच किलो माल. सौदा ‘डीएपी’ पद्धतीचा, म्हणजे मॉस्कोच्या गोदामापर्यंतची जोखीम निर्यातदाराचीच. माल 14 मार्चला पोहोचायचा होता, पोहोचला 25 मार्चला. 540 पेट्यांत बुरशी, देठ तपकिरी. कंटेनरमधल्या तापमान-नोंदणी यंत्रानुसार सेंट पीटर्सबर्ग बंदर सोडल्यावर तापमान शून्याजवळ राहण्याऐवजी सहा दिवस सात अंशांवर होतं. त्या टप्प्याची वाहतूक एका रशियन कंपनीकडे होती. आता तिला पत्र लिहायचं, तेही रशियनमध्ये.

पहिली चूक मायन्यातच होते. इंग्रजी ‘डिअर सर’ डोक्यात ठेवून लोक ‘दरागोय’ लिहितात. हा शब्द जिवलगासाठीचा; अनोळखी व्यवस्थापकाला तो विचित्र वाटतो. व्यापारी पत्रात ‘उवाझायेमी’, म्हणजे आदरणीय, आणि पुढे नाव व वडिलांच्या नावावरून होणारं दुसरं नाव: ‘उवाझायेमी सेर्गेय निकोलायेविच!’ आडनाव लागत नाही. शेवटचं उद्गारचिन्ह रागाचं नाही, ती तिथली रीत आहे.

दुसरी चूक शीर्षकात. शब्दकोशात ‘तक्रार’ शोधली तर ‘झालबा’ सापडतो, पण झालबा करतात ती सहसा वरिष्ठांकडे किंवा सरकारी कार्यालयाकडे. व्यापारी दाव्याला म्हणतात ‘प्रितेन्झिया’. रशियाच्या व्यापारी न्यायालयात करारावरून पैशांचा दावा लावण्याआधी साधारणपणे हीच पाठवावी लागते. म्हणून सौजन्याच्या भरात शीर्षक ‘एक विनंती’ असं मवाळ करणं परवडत नाही.

मग सभ्यपणा कुठे दाखवायचा? वाक्यरचनेत. ‘तुम्ही माल खराब केलात’ असं न लिहिता ‘क सझलेनियु, वीनुझ्देनी साबशित’ म्हणजे ‘खेद वाटतो, पण कळवणं भाग आहे’ अशी सुरुवात होते. ‘आपण’साठीचा ‘वी’ मोठ्या अक्षराने लिहितात. मागणी ‘त्रेबुयेम’ (आमची मागणी आहे) ऐवजी ‘प्रोसिम’ (आमची विनंती आहे) या क्रियापदाने. त्यानंतर मात्र आडपडदा नको: किती पेट्या, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत. ‘योग्य ती भरपाई लवकरात लवकर’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य इथे काहीच मागत नाही.

पत्राचं खरं वजन सोबतच्या कागदांत असतं: करार, वाहतूक-पत्र, बीजक, तापमानाची नोंद, फोटो आणि मुख्य म्हणजे ‘अक्त’. माल उतरवताना पेट्या मोजून केलेला हा पंचनामा. त्यावर ड्रायव्हरचीही सही हवी. गोदामाने घाईत ‘माल ठीक’ म्हणून सही दिली असेल, तर नुकसान वाटेतच झालं हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

शेवटी ‘स उवाझेनियेम’, म्हणजे आदरपूर्वक, आणि सही. पोच मिळेल अशाच मार्गाने पत्र पाठवावं. कायद्यात किंवा करारात वेगळी मुदत नसेल, तर ते पाठवल्यापासून 30 दिवसांनी न्यायालयाचा रस्ता मोकळा होतो.