संशयित उतारा कितपत ठरावीक आहे?

एका विद्यार्थ्याच्या ‘पाणी वाचवा’ या निबंधातलं एक वाक्य खटकलं: ‘पाणी हे केवळ संसाधन नसून ते जीवनाचा आधार आहे.’ हे चॅटबॉटचं आहे का? चॅटबॉटला तोच निबंध एकदाच लिहायला सांगून पाहिलं तर काहीच कळत नाही. मॉडेल पुढचा शब्द शक्यतांमधून निवडतं, म्हणून दर वेळी मजकूर बदलतो.

त्यामुळे वर्गात दिलेला प्रश्नच जसाच्या तसा वीसेक वेळा विचारावा, प्रत्येक वेळी नवं संभाषण उघडून. नाहीतर आधीच्या उत्तराची छाप पुढच्यावर पडते. सगळी उत्तरं शेजारी ठेवून पाहावं: ‘केवळ अमुक नसून तमुक’ ही रचना कितींत येते, उदाहरणं कोणत्या क्रमाने येतात. शब्दांपेक्षा हा सांगाडा जास्त बोलका असतो.

खरी कसोटी पुढे आहे. याच विषयावरचे 2022 पूर्वीचे विद्यार्थ्यांचे निबंध काढा. तीच रचना त्यांतही सर्रास असेल, तर ती निबंधमालांची देणगी आहे आणि संशय गळून पडतो. उलट, वीसही उत्तरांत ती नसली तरी सुटका नाही, कारण मूळ सूचना किंवा मॉडेल वेगळं असू शकतं. आणि ती वीसही उत्तरांत आढळली, तरी एवढ्यावरून मुलावर ठपका ठेवणं अन्यायच ठरेल. त्याच्याशी निबंधाविषयी बोलावं.