दाराबाहेरची पंधरा मिनिटं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी समुपदेशक म्हणून काम करते. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि खिडकी रस्त्याकडे उघडते. खाली एक औषधांचं दुकान आहे. पहिल्यांदा येणारा माणूस बऱ्याचदा आधी त्या दुकानापाशी थांबतो. पाटी वाचतो, घड्याळ पाहतो, जिन्यात कोणी ओळखीचं उतरत नाही ना याचा अंदाज घेतो. काही जण तिथूनच परत फिरतात. जे वर येतात ते वेळेच्या पंधरा मिनिटं आधी तरी येतात आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. आज मला त्या पंधरा मिनिटांबद्दल, आणि त्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल बोलायचं आहे.

मागे एक गृहस्थ आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील मी बदलले आहेत. वय सेहेचाळीस, एका पतसंस्थेत जबाबदारीच्या पदावर. फोन त्यांच्या पत्नीने केला होता. ‘ह्यांना चार महिने झोप नाही, पहाटे साडेतीनला उठून गॅलरीत बसतात, पण तुमच्याकडे यायचं म्हटलं की चिडतात,’ असं त्या म्हणाल्या. मी त्यांना एवढंच सुचवलं की, ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे’ असं सांगून आणू नका. एकदा भेटून या, नाही पटलं तर पुन्हा जाऊ नका, असं म्हणा. पुढच्या आठवड्यात गृहस्थांचा स्वतःचा फोन आला, मात्र वेळ घेतली मेहुण्याच्या नावावर. स्कूटर लावली दोन गल्ल्या पलीकडे. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही हसत हसत. त्या दिवशी हसण्यासारखं काहीच नव्हतं.

खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, ‘मॅडम, मी वेडा नाही ना?’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यामागची भीती आता मला ओळखता येते. आपल्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की येरवडा आणि ठाणे ही दोनच नावं वर्षानुवर्षं चेष्टेत घेतली गेली. त्या चेष्टेत वाढलेल्या माणसाला ‘जरा बोलून ये’ आणि ‘तुला भरती करायचंय’ यातलं अंतर कळत नाही. शिवाय धास्ती एकट्या आपल्यापुरती नसते. गृहस्थांची मुलगी लग्नाची होती. ‘उद्या स्थळाकडच्यांना कळलं तर?’ हे त्यांचं दुसरं वाक्य. तिसरं पतसंस्थेबद्दलचं. लोक ठेवी ठेवतात त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही अशी बातमी फुटली तर काय, ही काळजी. या भीतीला ‘काही नाही हो, लोकांचं काय मनावर घेता’ असं म्हणणं मला पटत नाही. लोक बोलतात, हे खरंच आहे. म्हणून मी आधी गोपनीयतेचं बोलते.

पहिल्या भेटीची सुरुवातीची दहा मिनिटं यातच जातात आणि ती जायला हवीत. मी सांगते, की इथे बोललेलं तुमच्या पत्नीलाही मी तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम २३ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण याला मर्यादा आहेत आणि त्या सुरुवातीलाच सांगणं हे समुपदेशकाचं काम आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला जवळच्या माणसाला कळवावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. न्यायालयाने आदेश दिला तर माहिती द्यावी लागते. ‘तुमचं काहीही, कधीही, कुणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचन कुणी दिलं, तर त्याला आपल्या कामाचे नियम नीट ठाऊक नाहीत असं समजा. गृहस्थांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘वहीत काय लिहिता?’ मी वही त्यांच्यासमोर ठेवली. तारीख आणि ‘झोप : चार महिने’ एवढंच होतं.

मग खरी अडचण सुरू झाली. बोलायचं काय? बरेच जण घरून भाषण तयार करून येतात आणि खुर्चीत बसल्यावर ते विसरतात. गृहस्थ वीस मिनिटं पित्ताबद्दल बोलले. कोणतं चूर्ण घेतलं, कुठल्या डॉक्टरने एंडोस्कोपी केली, सारं तपशीलवार. मी त्यांना तोडलं नाही. पोटातून मनाकडे जाणारी वाट आपल्याकडे वहिवाटीची आहे. ‘मन खचलंय’ म्हणायला जीभ अडते, ‘भूक मेली’ म्हणायला अडत नाही. मी विचारलं, ‘पहाटे साडेतीनला जाग आली की पहिलं डोक्यात काय येतं?’ ते गप्प झाले. मिनिटभर तरी गप्पच होते. नवख्या माणसाला या शांततेची भीती वाटते. आपलं काही चुकलं, आता मॅडम कंटाळल्या, असं वाटतं. तसं नसतं. ती शांतता भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. मग ते म्हणाले, ‘एक कर्जाची फाइल.’ आपण मंजूर केलेलं कर्ज बुडालं, जामीनदार म्हणून सही केलेला शिक्षक रोज दाराशी येऊन उभा राहतो, आणि हे घरी कुणालाच ठाऊक नाही.

एक प्रश्न मी त्यांना सरळ विचारला : ‘जगू नये असं वाटतं का?’ श्रोत्यांपैकी काहींना हा प्रश्न भयंकर वाटेल. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी समजूत पुष्कळांची असते. अभ्यासांतून मात्र असं दिसलेलं नाही. उलट थेट विचारल्यावर माणसाला मोकळं वाटतं, असाच आमचाही अनुभव आहे. गृहस्थ म्हणाले, ‘झोपेत गेलो तर बरं, असं वाटतं. स्वतः काही करणार नाही.’ या दोन वाक्यांतला फरक माझ्या दृष्टीने मोठा आहे. पहिल्याकडे लक्ष ठेवायचं असतं. काही करण्याचा बेत ठरला असता, साधन हाताशी असतं, तर मी त्याच दिवशी त्यांच्या पत्नीला बोलावून घेतलं असतं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. पोलिसांची धास्ती बाळगून काही जण हे बोलत नाहीत. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, त्या काळातली ही भीती. २०१७च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९सारखं सरसकट कलम उरलेलं नाही. शिवाय मनात आलेला विचार बोलून दाखवणं हा तर कधीच गुन्हा नव्हता.

‘गोळ्या देणार का?’ हा त्यांचा शेवटचा प्रश्न. समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. औषध देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. मी त्यांना आधी घरच्याच डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तदाब बघून घ्या म्हटलं. कारण थकवा आणि उदासीचं मूळ कधीकधी तिथेही सापडतं आणि नुसतं बोलून ते जात नाही. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं. ‘ठरवलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. पहिल्या भेटीत याहून जास्त होत नाही. तासाभरात माणूस हलका होऊन बाहेर पडतो हे चित्रपटातलं दृश्य आहे.

उलट एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पहिल्या भेटीच्या संध्याकाळी पुष्कळांना आणखी वाईट वाटतं. परक्या बाईसमोर एवढं का बोललो, असं उघडं पडल्यासारखं होतं, स्वतःचाच राग येतो. दुसऱ्या भेटीला न येणाऱ्यांपैकी काही जण याच संध्याकाळी तसं ठरवतात. गृहस्थांचाही दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘आता बरं वाटतंय, पुढच्या आठवड्याची वेळ रद्द करा.’ मी म्हटलं, ‘जरूर करा. पण काल रात्री कसं गेलं?’ मग ते पाच मिनिटं बोलले आणि वेळ रद्द करायची राहूनच गेली. ही अस्वस्थता एक-दोन दिवसांत ओसरते. ओसरली नाही, वाढतच गेली, तर ते समुपदेशकाला तसंच सांगावं.

माणूस पटला नाही, असंही होतं. पहिल्या दहा मिनिटांत सल्ला सुरू झाला, तुमच्या गोष्टीपेक्षा त्यांचीच गोष्ट लांबली, ‘माझ्याकडे अमुक वकीलसाहेबही येतात’ अशी नावं निघाली, किंवा चार बैठकांत पूर्ण बरे करतो अशी हमी मिळाली, तर उठून यायला हरकत नाही. नावं घेणारा उद्या तुमचंही नाव घेईल. पण नुसतं अवघडल्यासारखं वाटणं हे सोडून देण्याचं कारण धरू नका. त्यासाठी दोन-तीन भेटी द्याव्यात.

वेळ घेताना फोनवरच चार गोष्टी विचाराव्यात. शिक्षण काय, फी किती, एक भेट किती मिनिटांची, आणि वेळ रद्द केली तर पैसे लागतात का. यात उद्धटपणा काहीच नाही. माझ्याकडे एक भेट पन्नास मिनिटांची असते. ज्यांना समोरासमोर बसायची हिंमत होत नाही किंवा गावात कुणी समुपदेशकच नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

त्या गृहस्थांचं सांगायचं तर, शिक्षकाची गोष्ट त्यांनी पत्नीला सांगितली ती पाचव्या भेटीनंतर. त्यांना ती तीन महिन्यांपूर्वीच ठाऊक होती. औषधही घ्यावं लागलं, सात-आठ महिने. कर्ज काही वसूल झालं नाही. तिसऱ्या भेटीला त्यांनी पावती परत केली आणि म्हणाले, ‘मॅडम, यावर मेहुण्याचं नाव आहे. माझं घाला.’