भागीदार गेल्यावर धंदा कुणाचा?

दोन मित्रांचा मसाल्याचा कारखाना आहे असे समजू. दोघांची भागी निम्मी-निम्मी, बँकेचे कर्ज 30 लाख. एक मित्र अचानक वारला. मशिनरी आणि माल विकून 18 लाख आले. उरलेले 12 लाख कोण देणार, आणि कारखाना पुढे चालणार की नाही? या प्रश्नांची उत्तरे धंद्याच्या नोंदणीवर ठरतात. नोंदणी करताना मात्र बहुतेक जण सीएला फक्त कराचेच विचारतात.

हा कारखाना एकट्याच्या मालकीचा असता, तर मालक आणि धंदा यांत कायद्याने भेदच नसता. दुकानाचे देणे ते घराचे देणे. जीएसटी क्रमांक मालकाच्या पॅनवर असतो, त्यामुळे वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते आणि खात्यात शिल्लक राहिलेले क्रेडिट वेगळा अर्ज करून आपल्या नावे वळवावे लागते. वारसावर कर्जाचा बोजा येतो, पण मिळालेल्या मालमत्तेपुरताच.

खरा घोळ भागीदारीत होतो. 1932च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे बँक त्या 12 लाखांसाठी थेट हयात मित्राच्या फ्लॅटवर येऊ शकते. ‘माझी भागी निम्मी, म्हणून सहाच लाख देतो’ असे त्याला म्हणता येत नाही. आधी पूर्ण भरायचे, मग मृत मित्राच्या मालमत्तेतून सहा लाख वसूल करायचे. त्याने मागे काही ठेवलेच नसेल, तर बाराही लाख याच्याच माथी.

करारपत्रात ‘भागीदाराच्या मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ असे कलम घालून अनेक जण निश्चिंत होतात. तीन किंवा अधिक भागीदार असतील तर ते कलम उपयोगी पडते. दोघांच्याच फर्ममध्ये मात्र एक गेला की भागीदारी संपतेच, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात 1965 मध्येच हे स्पष्ट केले आहे. वारस आला तर ती नवी भागीदारी ठरते, आणि त्यासाठी त्याची संमती लागते. तेव्हा दोघांनीच फर्म काढली असेल, तर हयातीतच तिसरा भागीदार घेणे शहाणपणाचे. अर्थात त्या तिसऱ्याच्याही घरादारावर हीच जबाबदारी येते, हे त्याला आधी नीट सांगावे.

मृताच्या पत्नीची बाजूही समजून घेऊ. हिशोब न मिटवता मित्राने धंदा तसाच चालवला, तर नंतरच्या नफ्यातला आपल्या भांडवलाचा वाटा किंवा वर्षाला सहा टक्के व्याज, यांपैकी एक तिला मागता येते. करारात दुसरे काही ठरले असेल तर गोष्ट वेगळी. हा हक्क माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत ‘तुमचं काही निघत नाही, वहिनी’ एवढ्यावर विषय संपतो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी भागधारकांच्या मृत्यूने संपत नाही. शेअर वारसांकडे जातात. नॉमिनीच्या नावावर शेअर गेले म्हणून तो मालक होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. तरी दोनच संचालक असतील आणि एक गेला, तर उरलेल्याला एकट्याने सभा भरवून रोजचे निर्णय घेता येत नाहीत. आधी रिकामी जागा भरावी लागते. जबाबदारी शेअरच्या रकमेपुरती, असे कागदावर असते. पण लहान कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी घेते, कधी घरही तारण घेते. त्या सहीनंतर आपल्या 12 लाखांचा प्रश्न कंपनीतही पुन्हा घरापर्यंत येतो. मर्यादित जबाबदारीचे खरे संरक्षण मिळते ते मुख्यतः माल उधार देणाऱ्यांपासून, हमी घेतलेल्या बँकेपासून नव्हे. भांडवलाच्या बाबतीत मात्र कंपनी उजवी आहे: बाहेरचा माणूस पैसे घालू शकतो आणि धंदा वाढला की त्याच्या शेअरची किंमतही वाढते.

सहकारी संस्थेत नेमके हेच होत नाही. महाराष्ट्राच्या 1960च्या कायद्याप्रमाणे एका सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत, आणि लाभांशाला 15 टक्क्यांची कमाल मर्यादा. तीस वर्षांनी सभासद बाहेर पडला, तरी शेअरपोटी संस्थेकडे जेवढे भरले त्याहून जास्त परत मिळत नाही. संस्थेला तोटा असेल तर कमीही मिळते. म्हणून नफ्यासाठी पैसा गुंतवणारा इकडे फिरकत नाही. ज्याला ऊस घालायचा आहे किंवा दूध विकायचे आहे, तोच येतो. सुरुवातीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, त्यामुळे आपल्या दोन मित्रांना हा मार्ग मुळात खुलाच नव्हता.

माझे मत विचाराल, तर कर्ज नसलेल्या छोट्या धंद्याला एकट्याची मालकी पुरते, आणि उधारीवर मोठी उलाढाल असेल तर कंपनी बरी. दोघांची भागीदारी सर्वांत सोपी वाटते, पण सर्वांत धोक्याची तीच. तुमची तशी फर्म असेल, तर या दिवाळीत करारपत्र काढून मृत्यूचे कलम वाचा आणि भागीदार किती आहेत ते मोजा.