बिघडलेला फ्रिज आणि ग्राहक आयोगाची हद्द

धनबादमधील एखाद्या शिक्षकाने ४८ हजार रुपयांचा फ्रिज ऑनलाइन मागवला, असे समजू. तिसऱ्या महिन्यात तो थंड होईनासा होतो. मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो. दीड महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस कॉम्प्रेसर बदलला जातो. चौथ्या खेपेस मात्र कंपनी कळवते की, तुमच्याकडील वीजदाब कमी-जास्त होतो, तुम्ही स्टॅबिलायझर लावलेला नाही, सबब ही दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. शिक्षक पैसे परत मागतो. कंपनी देत नाही.

येथवर कायदा त्याच्या बाजूने पुष्कळ उभा आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, तेव्हापासून ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्याच जिल्ह्यात त्याला तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी तिला धनबादला यावे लागेल. कोणत्या आयोगाकडे जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर मोजलेल्या किमतीवरून ठरते. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र दाखल व्हायला हवे. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगालाही वाढवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिले.

खरी अडचण पुढे सुरू होते. फ्रिज थंड होत नाही, यावर वाद नसतोच. तो मुळात सदोष होता की वीजदाबामुळे नंतर बिघडला, हा वाद असतो. आणि दोष सिद्ध करण्याचा पहिला भार तक्रारदारावर असतो. तपासणीशिवाय दोष कळण्यासारखा नसेल तर आयोगाने वस्तूचा नमुना घ्यावा, मोहोरबंद करावा आणि शासनमान्य प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागवावा, अशी तरतूद कायद्यात आहे. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने जमा करायचे. खाद्यतेल किंवा सिमेंट असेल तर हे सरळ आहे. अख्खा फ्रिज मोहोरबंद करून पाठवणे ही वेगळीच गोष्ट. शिवाय बदललेला मूळ कॉम्प्रेसर मेकॅनिक केव्हाच घेऊन गेलेला असतो; म्हणजे सर्वांत बोलका पुरावा कंपनीच्याच गोदामात, किंवा भंगारात. आठ महिन्यांपूर्वी धनबादच्या त्या गल्लीत वीजदाब किती होता, हे तर कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

म्हणून अशा प्रकरणांत प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा जॉब शीटच अधिक कामाला येते. चार भेटींची चार जॉब शीट, प्रत्येकीवर तारीख आणि तीच ती तक्रार असेल, तर वारंवारच्या दुरुस्तीवरूनच मूळ दोषाचा निष्कर्ष काढण्यास आयोगाला आधार मिळतो. पण भेट संपवताना मेकॅनिक फोनवर आलेला ओटीपी मागतो. तो सांगितला की कंपनीच्या नोंदीत ‘तक्रारीचे समाधान झाले’ असे उमटते, आणि सुनावणीत हीच नोंद कंपनीच्या बाजूने पुढे येते. यंत्र चालू झाल्याशिवाय ओटीपी न देणारा, किंवा त्याच दिवशी ‘दोष कायम आहे’ असा ईमेल करणारा ग्राहक विरळा. बाहेरच्या कारागिराकडून फ्रिज उघडून घेतला, तर उरलासुरला पुरावाही जातो.

काही दोष स्वतःच बोलतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर एका मोटारीला अपघात झाला आणि समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. धक्का पुरेसा जोराचा नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. आघाताचे गणित मांडण्याइतका ग्राहक पदार्थविज्ञानाचा जाणकार असण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, अशी भूमिका घेत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तीन लाखांची भरपाई आणि मोटार बदलून देण्याचा आदेश, दोन्ही कायम ठेवले. मात्र त्याच न्यायालयाने २००६ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, वॉरंटीत केवळ सदोष भाग बदलण्याची हमी असताना संपूर्ण मोटार बदलण्याचा आदेश टिकत नाही, असे म्हटले होते. शिक्षकाच्या फ्रिजचे प्रकरण या दोन निकालांच्या मध्ये कोठेतरी पडते. कायद्याने आयोग दोष दूर करण्याचा, नवी वस्तू देण्याचा किंवा व्याजासह किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. यांतले काय मिळेल, हे दोष एका भागाचा ठरतो की यंत्राचा, यावर अवलंबून राहते. मनस्तापाची रक्कम वेगळी. तक्रारीत लाखांत मागितलेली ही रक्कम निकालात बहुधा हजारांत उरते, कारण मनस्तापाची पावती कोणाजवळच नसते.

आता त्या स्टॅबिलायझरच्या अटीकडे वळू. ती अट एकतर्फी आहे, ती रद्द करा, असे शिक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण करारातील अनुचित अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार संसदेने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला, जिल्हा आयोगाला दिलेला नाही. ४८ हजारांच्या फ्रिजसाठी त्याला रांचीची वाट धरावी लागेल. जिल्हा न्यायपीठ त्या अटीचा अर्थ लावू शकते, ती कंपनीने सिद्ध केली नाही असे म्हणू शकते, ती पुसून टाकू शकत नाही. हे अधिकारवाटप या कायद्यातील सर्वांत अनाकलनीय गोष्टींपैकी एक आहे, असे मला वाटते. छोट्या खरेदीतच अशा अटी जास्त असतात.

त्याच मॉडेलचे हजारो फ्रिज देशभर असेच बिघडत असतील तर? आयोग स्वतःहून चौकशी करीत नाही. समोर आलेल्या तक्रारीपुरताच तो पाहतो. धोकादायक वस्तूची विक्री थांबवण्याचा आदेश तो देऊ शकतो, पण थंड न होणारा फ्रिज निरुपयोगी असतो, धोकादायक नव्हे. सर्व ग्राहकांच्या वतीने तपास करून माल परत मागवण्याचे काम दिल्लीतील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे. २०२२ मध्ये त्याने गुणवत्ता मानके न पाळणारे प्रेशर कुकर विकल्याबद्दल ई-व्यापार कंपन्यांना दंड केला आणि विकलेले कुकर परत घेऊन पैसे देण्यास सांगितले. तेथेही मुद्दा सुरक्षिततेचाच होता. शिक्षकाला त्याचा वैयक्तिक परतावा हवा असेल, तर आयोगाखेरीज हे प्राधिकरण फारसे उपयोगाचे नाही.

निकाल त्याच्या बाजूने लागला, असे धरू. तपासणी आवश्यक असलेल्या प्रकरणात पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा वाढतात, सदस्यांची पदे रिकामी राहतात. कंपनीला ४५ दिवसांत अपील करता येते, मात्र आदेशातील निम्मी रक्कम आधी भरून. अपील न करता ती गप्प बसली, तर शिक्षकाला नवी दरखास्त करावी लागते. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते, म्हणजे मालमत्तेची जप्ती शक्य आहे. शिवाय आदेश मोडणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नाव असलेली कंपनी बहुधा या टप्प्यावर धनादेश पाठवते. विक्रेता मात्र केवळ संकेतस्थळावरचे एक नाव असेल, दिलेल्या पत्त्यावर आता दुसरेच दुकान असेल, तर वॉरंट घेऊन गेलेला पोलीस ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परततो आणि दरखास्त पुढच्या तारखेला ठेवली जाते.